मार्क्यावरून गाळा

कोकणातल्या आंबा बागायतदाराला माल कुठे जातो असं विचारलं, तर एका शब्दात उत्तर येतं: ‘वाशीला’. वडील वाशीला पाठवायचे, मुलगाही वाशीलाच पाठवतो. दलालाचं नाव पाठ असतं, फोन नंबर असतो, हंगाम सरला की हिशेब होतो. पेट्या रात्रीच्या गाडीने जातात, दोन दिवसांत पट्टी येते, पैसे खात्यावर पडतात. ज्या जागी आपल्या वर्षभराच्या राबण्याचा भाव ठरतो ती जागा, म्हणजे दलालाचा गाळा, पाहायची वेळ मात्र कित्येकांवर येतच नाही. सगळं सुरळीत चालतं तोवर त्यावाचून काही अडतही नाही. अडतं ते आकडा चुकतो त्या दिवशी.

एक उदाहरण घेऊ. ते नमुन्यादाखल रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी या धंद्यातली रोजची आहे. रत्नागिरी तालुक्यातल्या एका बागायतदाराने एप्रिलमध्ये चाळीस पेट्या पाठवल्या. पट्टी आली सदतीस पेट्यांची. दलालाकडे फोन केला, तर हिशेब लिहिणारे मेहताजी म्हणाले, “आमच्याकडे सदतीसच उतरल्या.” वाहतूकदार म्हणाला, “मी चाळीस चढवल्या आणि चाळीस उतरवल्या.” दोघांपैकी कोणी खोटं बोलत असेल असं वाटत नाही, आणि तीन पेट्या तर नाहीत. एका पेटीला सरासरी अडीच हजार धरले तरी साडेसात हजारांचा प्रश्न. त्याच रात्री बागायतदार गाडीत बसला. खिशात तीन कागद: बिल्टी, पट्टी, आणि दलालाचं एक जुनं कार्ड. त्यावर पेढीचं नाव, एक इंग्रजी अक्षर, एक आकडा आणि खाली ‘एपीएमसी मार्केट, वाशी’.

या पत्त्यावर गाळा सापडत नाही. का सापडत नाही, हे कळायला वाशीचा बाजार कसा जमला ते थोडं पाहावं लागेल.

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. त्याआधी मुंबईचा घाऊक व्यापार दक्षिण मुंबईतल्या गल्ल्यांत विखुरलेला होता. फळं क्रॉफर्ड मार्केटला, भाजी भायखळ्याला, धान्य दाणा बंदरला आणि मसाले, कांदा-बटाटा मशीद बंदरच्या आसपास. हा सगळा पसारा टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आणला गेला. कांदा-बटाटा आधी, १९८१ च्या सुमारास. मसाला आणि धान्य नव्वदीच्या सुरुवातीला. भाजी आणि फळं सगळ्यांत शेवटी, १९९६ साली. म्हणजे बाहेरचा माणूस ज्याला ‘वाशी मार्केट’ म्हणतो, ते एक मार्केट नाही. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळ, मसाला आणि धान्य असे पाच वेगळे बाजार तिथे आहेत. प्रत्येकाचं कार्यालय वेगळं, फाटकं वेगळी, जागं होण्याची वेळही वेगळी. धान्यबाजाराला तर लोक अजून ‘दाणा बंदर’च म्हणतात. व्यापाऱ्यांनी गोण्यांबरोबर जुन्या जागेचं नावही इकडे आणलं. आता तुर्भ्याच्या सेक्टर १९ मध्ये बंदराचा मागमूस नाही, पण पत्ता विचारताना ‘दाणा बंदर’ म्हटलं तरच रिक्षावाल्याला पटकन कळतं.

आणि हो, वाशी म्हणतात खरं, पण बाजार पडतो तुर्भ्याच्या हद्दीत. कोकण रेल्वेने आलेल्या माणसाने पनवेलला उतरून हार्बरची लोकल धरावी आणि वाशीच्या एक स्टेशन अलीकडे, सानपाड्याला उतरावं. तिथून रिक्षा. रिक्षावाल्याला नुसतं ‘एपीएमसी’ सांगितलं की तो विचारतो, “कुठलं मार्केट?” हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण पाचही बाजारांत गाळ्यांच्या रांगांना इंग्रजी अक्षरांचीच नावं आहेत. समजा कार्डावर एफ आणि पुढे काही आकडा आहे. एफ रांग फळबाजारातही आहे आणि मसाल्यातही. नुसत्या अक्षर-आकड्यावर विसंबून निघालेला आंबेवाला मिरचीच्या पोत्यांपुढे जाऊन उभा राहू शकतो. म्हणून पत्ता वाचायचा तो खालून वर: आधी बाजार, मग रांग, मग आकडा आणि पेढीचं नाव सर्वांत शेवटी.

इथे आणखी एक फसवी जागा आहे. यार्डाच्या आसपास, रस्त्यापलीकडे, माफको मार्केटच्या परिसरातही फळांची दुकानं आहेत. कार्डावर ‘एपीएमसीसमोर’ किंवा ‘माफकोजवळ’ असं असेल, तर ती पेढी यार्डाच्या भिंतीआत नाही असं समजावं. तसं असण्यात बेकायदा काही नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला यार्डाबाहेर नियमनमुक्त केला, तेव्हापासून बाहेर व्यापार करायला मोकळीक आहे. फरक आहे तो भांडण झाल्यावर. यार्डाच्या आतल्या अडत्याचा परवाना बाजार समितीकडे असतो आणि त्याच्याविरुद्ध दाद मागायला समितीचं दार असतं. बाहेरच्याबाबत ते दार उघडं असेलच असं नाही. गाळा आत आहे की बाहेर, हे माल पाठवण्याआधी विचारावं, पट्टी चुकल्यावर नाही.

आपला बागायतदार फळबाजाराच्या फाटकाशी पोचला तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. ही वेळ माल बघायला उत्तम आणि गाळा शोधायला सर्वांत वाईट. फळबाजारात रात्रभर गाड्या येत असतात आणि विक्री पहाटे रंगात येते. गाळ्याचं अक्षर आणि आकडा शटरच्या वरच्या पट्टीवर रंगवलेला असतो. पण एप्रिलमध्ये गाळ्यासमोरच्या ओट्यावर पेट्यांच्या थप्प्या माणसाच्या डोक्याच्या वर जातात. त्यांच्यापुढे टेम्पो मागचा भाग करून लागलेला असतो आणि मधल्या वाटेने हातगाड्या धावत असतात. ‘बाजू, बाजू’ ही आरोळी ऐकून जो हलत नाही त्याच्या घोट्यावर चाक जातं. मान वर करून पाट्या वाचत हिंडण्याइतकी सवड इथे कोणी देत नाही.

गाळ्यांच्या रांगेला इथे पाकळी म्हणतात. ‘एच पाकळी’, ‘डी पाकळी’ असं. पाकळीच्या तोंडाशी अक्षर मोठं रंगवलेलं दिसतं, तिथपर्यंत नवखाही पोचतो. आत शिरल्यावर लागोपाठच्या दोन गाळ्यांचे आकडे वाचून घ्यावेत. आकडा वाढतोय की उतरतोय हे कळलं की दिशा कळली. मोबाइलमधला नकाशा इथपर्यंत आणतो आणि इथेच हात टेकतो, कारण एकाच छपराखालच्या लगतच्या गाळ्यांत तो फरक करू शकत नाही. त्याच्या खुणाही बऱ्याचदा फाटकाशी एकात एक गुंतलेल्या असतात.

बरं, आकडा सापडला तरी पाटीवर कार्डावरचं नाव असेलच असं नाही. पेढी आजोबांच्या नावाने नोंदलेली, पाटी वडिलांनी बदललेली, आणि बाजारात सगळे ओळखतात ते तिसऱ्याच नावाने, ‘शेठ’ किंवा ‘भाऊ’ लावून. एका गाळ्यात दोन-तीन जण धंदा करत असतात. एक जण आतल्या पोटमाळ्यावर हिशेब लिहितो, दुसरा समोरच्या ओट्यावर माल विकतो. ज्यांचा स्वतःचा गाळाच नाही, पण मोकळ्या जागेत किंवा दुसऱ्याच्या दारात जे व्यापार करतात, त्यांना इथे बिगरगाळाधारक म्हणतात. त्यांच्याकडे माल देणाऱ्याला पत्ता म्हणून सांगितला जातो तो कोणाच्या तरी ओळखीच्या गाळ्याचा आकडा. त्या गाळ्यावर जाऊन विचारलं, तर मालक खांदे उडवून म्हणू शकतो, “तो? तो बसायचा इथं. हल्ली दिसत नाही.” असं ऐकून परत फिरलेल्या शेतकऱ्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करणंही जड जातं.

आपल्या बागायतदाराने पेढीचं नाव घेत तीन-चार जणांना विचारलं. कोणी समोर बोट दाखवलं, कोणी मागे. मग पाठीवर पेट्या घेऊन चाललेल्या एका वयस्कर माथाडीला त्याने थांबवलं. माथाडीने नाव पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

“नाव र्‍हाऊ द्या. मार्का काय त्यो सांगा.”

“म. ब. गोलात.”

“मंग असं म्हना की. ह्याच पाकळीत, त्यो पानी टाकीचा नळ दिसतोय न्हवं, त्याच्या अलीकडं चौथा.”

या बाजाराचा खरा पत्ता हा असा आहे. कोकणातून निघालेल्या एका गाडीत पंचवीस-तीस बागायतदारांच्या पेट्या असतात आणि त्या दहा-बारा दलालांकडे जायच्या असतात. गाडी यार्डात पोचते रात्री, तेव्हा पेढीचं लांबलचक नाव वाचत बसायला कोणाला वेळ नसतो. म्हणून प्रत्येक दलालाला एक मार्का असतो: दोन-तीन अक्षरं, बहुधा गोलात, चौकटीत किंवा त्रिकोणात. पत्र्याच्या छापावरून रंगाचा बोळा फिरवून किंवा जाड मार्करने तो पेटीच्या अंगावर काढतात. त्याखाली बागायतदाराची स्वतःची खूण, बहुधा नावाची आद्याक्षरं. आणि कोपऱ्यात डझनांचा आकडा, म्हणजे पेटीत पाच डझन आहेत की सहा. ही तीन चिन्हं मिळून पेटी स्वतःच सांगते की मी कोणाकडून आले, कोणाकडे जायची आणि माझ्यात काय आहे.

ही चिन्हं ज्यांच्या डोळ्यांत बसलेली असतात ते माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यानंतर हमालांचं काम, मजुरी आणि भविष्यनिर्वाह यांना कायद्याचा आधार मिळाला. बरेच जण सातारा जिल्ह्यातल्या गावांचे. टोळ्या ठरलेल्या असतात, टोळीला मुकादम असतो, आणि वर्षानुवर्षं त्याच भागात माल उतरवल्यामुळे कुठला मार्का कुठल्या गाळ्यावर जातो हे त्यांना न वाचता माहीत असतं. गाळा शोधताना विचारायचं ते यांना. गिऱ्हाइकाला नाही आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही नाही. मुकादमाखालोखाल कामाचा माणूस म्हणजे गाळ्यागाळ्यावर चहा पोचवणारा पोऱ्या. कुठल्या गाळ्यात कोण बसतं आणि आज कोण आलेलं नाही, हे त्याला बरोबर ठाऊक असतं.

गाळा सापडला. पण मेहताजींशी बोलायला अकरा वाजावे लागले. विक्री चालू असताना हिशेबाचं कोणी बोलत नाही आणि दलाल फोनही उचलत नाही. त्याला त्यात काही लपवायचं असतं असं नाही. पेटी उघडून ठेवलेली असते, आंबा तासागणिक पिकत असतो आणि खरेदीदार पुढच्या गाळ्यावर जाण्याच्या बेतात असतो. वाट पाहताना बागायतदाराने जे पाहिलं ते मात्र सांगायला हवं. उघडलेल्या पेटीतले वरचे चार आंबे खरेदीदाराने चाचपले, एक नाकाशी नेला, आणि मग दलाल आणि तो, दोघांचे हात एका रुमालाखाली गेले. बोटं दाबून भाव सांगितला गेला, बोटं दाबूनच मागितला गेला. दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच आंब्याचा भाव ऐकू आला नाही. कायद्याला उघड विक्री अपेक्षित आहे. रुमालाची ही रीत जुनी आहे एवढ्यावर ती चालू राहावी, हे मला पटत नाही. ज्याचा माल आहे त्याच्या कानावर भाव पडलाच पाहिजे.

अकरानंतर ओटा मोकळा झाला, तेव्हा तिन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवले गेले. बिल्टीवर लिहिलेलं: मार्का म. ब., नग चाळीस. पट्टीवर: नग सदतीस. त्यांची प्रतवारीनुसार विभागणी आणि प्रत्येकाचा दर. मग एकूण रक्कम, त्यातून मोटारभाडं आणि हमाली वजा, आणि खाली निव्वळ रक्कम. पट्टीत एक गोष्ट नव्हती आणि नसायलाच हवी होती: अडत. २०१६ च्या त्याच बदलात फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. आजही कोणाच्या पट्टीत शेतकऱ्याच्या नावे अडत कापलेली दिसली, किंवा ती ‘इतर खर्च’ अशा गोल शब्दात दडवलेली दिसली, तर तिथेच विचारावं.

पण तीन पेट्यांचं उत्तर या दोन्ही कागदांत नव्हतं. ते होतं चौथ्या कागदात: पोच. गाडी पाकळीत लागते, माल उतरतो, तेव्हा गाळ्यावरचा माणूस पेट्या मोजून वाहतूकदाराच्या कागदावर सही करतो. मेहताजींनी आपली आवक वही उघडली. त्या तारखेला त्या गाडीतून सदतीस नग आल्याची नोंद होती. वाहतूकदाराच्या माणसाला फोन लावून पोच मागवली, त्याने फोटो पाठवला. म. ब. पुढे सही होती आणि सहीशेजारी बारीक अक्षरांत ‘३ कमी’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे गाळ्याने कमी मिळाल्याचं त्याच रात्री नोंदवलं होतं. बागायतदाराला मात्र ते कोणी कळवलं नव्हतं.

आता खरा शोध सुरू झाला आणि तो कागदावरच झाला. चाळीस चढल्या, सदतीस उतरल्या, तर तीन पेट्या एक तर वाटेत गेल्या किंवा त्याच गाडीतून दुसऱ्या कुठल्या गाळ्यावर उतरल्या. वाटेत गेल्या असतील तर गाडीतल्या एकूण नगांची बेरीज तीनने कमी भरेल. दुसऱ्याकडे उतरल्या असतील तर बेरीज बरोबर भरेल आणि कुठल्या तरी एका मार्क्यापुढे तीन जास्त दिसतील. वाहतूकदाराच्या माणसाने सगळ्या सह्यांचे आकडे वाचून दाखवले. बेरीज बरोबर होती. म. व. या मार्क्याला पंचवीस पेट्या जायच्या होत्या, त्याच्यापुढे अठ्ठावीसवर सही होती.

म. ब. आणि म. व. यांत फरक आहे तो ब च्या पोटातल्या एका तिरप्या रेघेचा. पत्र्याच्या छापाखाली रंग जास्त ओला झाला, किंवा गाडीत पेटीवर पेटी घासली, की ती रेघ जाते आणि ब चा व होतो. रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात पेट्या खाली घेणाऱ्या माणसाने जे दिसलं ते वाचलं. दोन्ही मार्के गोलातले. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

म. व. चा गाळा पलीकडच्या पाकळीत होता. तो शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण यावेळी कोणाला नाव विचारायची गरज नव्हती. तिथल्या मेहताजींनी वही काढली. पंचवीस पेट्या त्यांच्या नेहमीच्या बागायतदारांच्या होत्या. उरलेल्या तिघींवर खालची खूण त्यांच्या ओळखीची नव्हती, म्हणून त्यांनी ती वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली होती. आपल्या बागायतदाराची आद्याक्षरं होती ती, पाच डझन असं लिहिलेलं. आंबा ठेवून चालत नाही म्हणून त्यांनी तो त्याच सकाळी विकला होता आणि पैसे वेगळे मांडून ठेवले होते. तीन पेट्या, दर चोवीसशे, बहात्तरशे रुपये, त्यातून हमाली वजा. त्यांनी तिथल्या तिथे पट्टी करून दिली. मोटारभाडं त्यात कापलेलं नव्हतं. म. ब. च्या पट्टीत ते किती पेट्यांचं कापलंय, सदतीसचं की चाळीसचं, हे मागे जाऊन बघावं लागलं. ते चाळीसचं होतं. बिल्टीवरच्या आकड्यावरून कापलेलं. म्हणजे पहिल्या पट्टीतच हा पुरावा उघड पडला होता, माल सदतीसचा आणि भाडं चाळीसचं. घरी बसून दोन ओळी ताडल्या असत्या तरी शंका योग्य दिशेला गेली असती.

इथे सगळं जुळलं, कारण चार गोष्टी जागेवर होत्या: बिल्टीवर नग लिहिलेले होते, पोच सही करून घेतलेली होती, बागायतदाराची स्वतःची खूण पेटीवर होती आणि दुसऱ्या गाळ्याचे मेहताजी सरळ माणूस होते. यातली चौथी गोष्ट आपल्या हातात नाही. तिसरी आहे, आणि तिच्यावरच सगळं टिकलं. दलालाचा मार्का पुसला तर पेटी दुसऱ्या गाळ्यावर जाते. बागायतदाराची खूण नसली तर ती कोणाचीच राहत नाही. गावातून घाईत माल भरताना पुष्कळ जण फक्त दलालाचा मार्का मारतात, ‘त्यांना कळतं की’ म्हणून स्वतःची खूण टाळतात. म. व. च्या मेहताजींना काय कळलं असतं?

आणि ते सरळ नसते तर? मग जायचं ते फळबाजाराच्या कार्यालयात. पाचही बाजारांना समितीचा स्वतंत्र अधिकारी असतो, फळबाजाराचे उपसचिव तिथे बसतात. तक्रार लेखी द्यावी, सोबत बिल्टी, पोच आणि पट्टीच्या प्रती जोडाव्यात आणि गाळ्याचा अक्षर-आकडा व पेढीचं परवान्यावरचं नाव लिहावं. परवान्यावरचं नाव हाच तिथे अडणारा मुद्दा. ‘अमुक शेठ’ अशी तक्रार नोंदवता येत नाही. शेठचं नोंदलेलं नाव काय, परवाना त्यांचा आहे की ते दुसऱ्याच्या परवान्यावर बसतात, हे आधी माहीत असावं लागतं. परवाने महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन अधिनियम, १९६३ खाली दिले जातात. गाळ्यावर गेल्यावर परवाना बघायला मागण्यात संकोच वाटायचं कारण नाही. चांगला अडत्या तो दाखवतो, त्याला तोलूनमापून विचारणारा बागायतदार आवडतोही, कारण अशा माणसाचा माल वर्षानुवर्षं येत राहतो.

दुपारी निघण्याआधी बागायतदाराने दोन कामं उरकली. कार्डाच्या मागे त्याने सगळा पत्ता नव्याने लिहून घेतला: फळबाजार, पाकळी, आकडा, परवान्यावरचं नाव, मेहताजींचा नंबर, मुकादमाचा नंबर. दुसरं काम म. ब. च्या शेठकडे होतं. त्याने सांगितलं की छाप बदलून द्या. शेठ आधी कुरकुरले. मार्का वडिलांच्या वेळचा, बाजारभर ओळखीचा, तो कसा बदलायचा? मग शेवटी ठरलं ते असं: अक्षरं तीच राहतील, पण गोलाच्या जागी त्रिकोण, आणि त्रिकोणाखाली पाकळीचं अक्षर. ब पुसला तरी आकार राहील आणि आकार पुसला तरी पाकळी कळेल. पत्रा कापून द्यायला त्यांनी ओळखीच्या कारागिराला सांगितलं. बागायतदाराने मात्र स्वतःची खूण पेटीच्या एका बाजूऐवजी दोन बाजूंना मारायची ठरवली, एक वर आणि एक आडव्या फळीवर, कारण गाडीत पेट्या घासतात त्या वरून. आठवड्याने पुढचा माल निघाला, तेव्हा बिल्टीवर नगांच्या पुढे त्याने लिहून घेतलं, ‘पोच सहीसह कळवणे’. त्या खेपेची पट्टी आली तेव्हा नग आणि भाडं, दोन्हीकडे एकच आकडा होता.